प्याद्याचा घात

एकट्या राजावर दोन घोडे सोडले तरी मात जबरदस्तीने होत नाही. काळा राजा एच८ वर, पांढरा एच६ वर, एक घोडा ई७ वर. दुसरा जी५ वर आला, की पुढच्या चालीला एफ७ वर मात ठरलेली. पण खेळायची पाळी काळ्याची, आणि त्याच्या राजाला हलायला घरच नाही. शह नाही, चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत.

आता काळ्याला ए४ वर एक प्यादे द्या. त्याला ते ए३ वर ढकलावेच लागते, आणि घोडा एफ७ वर येऊन मात करतो. जास्तीचे मोहरेच घात करते!

अर्थात, प्यादे फार पुढे गेलेले नसावे, नाहीतर ते आधी वजीर होईल. म्हणून एक घोडा त्याला अडवून धरतो, आणि राजा कोपऱ्यात कोंडला की तोच शेवटच्या हल्ल्याला धावतो. रशियन रचनाकार त्रॉइत्स्की यांनी अडवलेले प्यादे कुठवर असले तर विजय पक्का, याची सीमारेषा आखली. ए४ त्या रेषेवरच आहे. मात्र काही स्थितींत मातीला पन्नासहून जास्त चाली लागतात, आणि तेवढ्यात प्यादे हलले नाही, काही मारलेही गेले नाही, तर पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी मागता येते.