एक प्यादे, दोन वाटा

बुद्धिबळाचा पट मांडा आणि कॅरो-कान नावाच्या बचावाच्या पहिल्या चाली खेळून पाहा. पांढऱ्याचे प्यादे ई४ वर येते, काळ्याचे सी६ वर. मग पांढरा डी४ खेळतो, काळा डी५. पांढरा घोडा सी३ वर येतो, काळे प्यादे ई४ वरचे प्यादे मारते, घोडा त्या प्याद्याला मारतो. काळा आपला घोडा एफ६ वर आणतो आणि पांढरा घोडा तोही मारून राजाला शह देतो. आता काळ्यापुढे नियमाने दोनच चाली उरतात. त्या घोड्याला ई७ च्या प्याद्याने मारायचे किंवा जी७ च्या. कसेही मारले तरी एफच्या उभ्या पट्टीत दोन काळी प्यादी एकामागे एक उभी राहणार. नुकसान ठरलेले आहे. त्याच्या बदल्यात काय मिळवायचे, एवढेच काळ्याच्या हातात आहे.

अशी दुहेरी प्यादी दुबळी का? प्यादे तिरके मारते, त्यामुळे ते आधारही शेजारच्या पट्टीतल्या प्याद्यालाच देऊ शकते. एकाच पट्टीतली दोन प्यादी एकमेकांना राखू शकत नाहीत, आणि मागचे पुढच्यामुळे अडूनही बसते. दुसरा हिशेब बेटांचा. लागून असलेल्या पट्ट्यांतली प्यादी म्हणजे एक बेट. मध्ये प्याद्याविना पट्टी आली की बेट तुटते. बेटे जितकी जास्त, तितकी तुकड्यातुकड्याने राखण करावी लागते.

ई प्याद्याने मारले तर काळ्याची दोनच बेटे राहतात, राजाच्या बाजूची तटबंदी शाबूत राहते आणि कॅसलिंग लवकर होते. मात्र ई पट्टी दोघांनाही सारखीच खुली होते, म्हणजे तिच्यावर काळ्याचा वेगळा हक्क नाही. शिवाय सगळी मोहरी पटावरून उचलून फक्त राजे आणि प्यादी ठेवली, तर वजिराच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिघांसमोर उभी दिसतात. त्यातून तो एक प्यादे मोकळे करून पुढे धाडू शकतो. दुसऱ्या बाजूला काळ्याचीही चारास तीन आहेत, पण त्यातली दोन एकाच पट्टीत असल्याने तेवढ्याच सहजतेने मोकळे प्यादे निघत नाही.

जी प्याद्याने मारले तर बेटे तीन होतात आणि एच७ चे प्यादे एकाकी पडते. पण आता जी पट्टी फक्त काळ्यासाठी खुली झाली. पांढऱ्याचे प्यादे जी२ वर उभेच आहे आणि पांढरा राजा बहुधा त्याच्यामागेच राहायला येतो. डेव्हिड ब्रॉनस्टीन आणि बेंट लार्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग. यात काळा वजीर सी७ वर नेतो, राजाला वजिराच्या बाजूला हलवतो आणि हत्ती जी८ वर आणतो. हत्तीसमोर आता लक्ष्य आहे.

हे जमायला तीन गोष्टी लागतात: आपला राजा तिथून दूर हवा, हत्ती वेळेत पोचायला हवा आणि पट्टीच्या टोकाला मारण्याजोगे काही हवे. जाणता पांढरा तिसऱ्यावरच घाव घालतो. तो प्यादे जी३ वर ढकलतो, उंट जी२ वर बसवतो. जी३ च्या प्याद्याला एफ२ आणि एच२ या दोन्हींचा टेकू असतो, त्यामुळे हत्ती भिंतीवर डोके आपटत राहतो. तेव्हा काळ्याला एकाकी एच प्यादेच एच५, एच४ असे पुढे नेऊन ती भिंत फोडावी लागते. तेही जमले नाही आणि वजीर-वजीर मारले गेले, तर हल्ला संपतो आणि तीन बेटे तेवढी हाती राहतात.

पट्टी उघडली म्हणजे ती आपलीच झाली असे मात्र नाही. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या अमेरिकन चेस काँग्रेसमध्ये लुई पॉलसन पांढऱ्या मोहऱ्यांनी पॉल मॉर्फीविरुद्ध खेळत होता. १७व्या चालीला मॉर्फीने वजीर देऊन एफ३ वरचा उंट मारला. पॉलसनने जी प्याद्याने वजीर घेतला. त्याची एफ पट्टीत दुहेरी प्यादी झाली, जी पट्टी उघडली, पण त्या पट्टीत त्याचा स्वतःचा राजा उभा होता. मॉर्फीचा हत्ती ई६ वर तयारच होता. तो जी६ वर सरकला, शह बसला, मागोमाग उंट एच३ वर आला. २८व्या चालीला पॉलसनने हार मानली. पटावर आकार तोच होता, एफमध्ये दोन प्यादी आणि जी मोकळी. फक्त हत्ती दुसऱ्याचा होता.

म्हणून प्याद्याने मारण्याआधी बेटे मोजावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. उघडणाऱ्या पट्टीत आधी कोणाचा हत्ती पोचेल आणि तिच्या टोकाला कोणाचा राजा असेल, हे पाहावे. दोन्ही उत्तरे आपल्या बाजूची असतील, तर मोडकी प्यादी खुशाल पत्करावीत. नसतील, तर सगळी मोहरी मनातल्या मनात उचलून ठेवावीत. उरलेली प्यादीच मग आपला निकाल सांगतात.