पैसे भरले, पण पोचले का? अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या पाच गमती

समजा, साताऱ्यातल्या एका हार्डवेअर दुकानदाराचा २०२५-२६ चा आयकर टीडीएस वजा जाता ८०,००० रुपये होतोय. नफ्याचा ठोक अंदाज धरून कर भरण्याची सवलत त्याने घेतलेली नाही. कर १०,००० रुपये किंवा जास्त असल्यामुळे वर्ष संपायच्या आतच तो चार हप्त्यांत भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००.

१. एक दिवस उशीर, तीन महिन्यांचं व्याज
जूनचे १२,००० त्याने वेळेत भरले, पण सप्टेंबरचे २४,००० भरले १६ तारखेला. दरमहा १ टक्का व्याज पूर्ण तीन महिन्यांचं धरतात. एका दिवसाची किंमत ७२० रुपये!

२. सीआरएन म्हणजे पावती नव्हे
incometax.gov.in वर `e-Pay Tax` मध्ये माहिती भरली की सीआरएन क्रमांक मिळतो. अनेक जण तोच जपून ठेवतात. पण तो पैसे भरण्याआधीचा क्रमांक आहे. १५ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर तो बाद होतो. मार्चअखेरीस मुदत आणखी कमी, कारण अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा सीआरएन ३१ मार्चपुढे चालत नाही.

३. १०० आणि ३०० मधला घोटाळा
अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा कोड १००. वर्ष संपल्यावर, रिटर्नच्या वेळी उरलेला कर भरायचा, त्याचा ३००. वर्षाच्या रकान्यातही असाच गोंधळ होतो: २०२५-२६ च्या कमाईसाठी निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं. चूक झालीच तर पोर्टलवर चलान दुरुस्ती करता येते. वर्ष बदलायला ७ दिवस मिळतात, कोड बदलायला ३०.

४. पैसे गेले, चलान आलं नाही
नेट बँकिंगमधून रक्कम वजा झाली आणि स्क्रीन अडकली, की घाईने दुसऱ्यांदा भरू नका. अर्ध्या तासाने `Payment History` उघडा. बँकेचा निरोप पोर्टलपर्यंत पोचला की चलान तिथे दिसतं. नाहीच दिसलं, तर खात्याच्या उताऱ्यातला व्यवहार क्रमांक घेऊन बँकेकडे विचारा.

५. चलानाची ओळख तीन आकड्यांत
बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी चलान क्रमांक. रिटर्नमध्ये रकमेसोबत हेच लिहावे लागतात. एक अंक चुकला, तरी भरलेला कर जुळत नाही आणि मागणीची नोटीस येऊ शकते. म्हणून चलानाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या आणि काही दिवसांनी २६एएसमध्ये तीच रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का, ते पाहा. तिथे दिसली, की तो हप्ता पोचला.