कीबोर्ड बदलून द्या, पण नेमके कोणते?

पासवर्ड चुकून खातं बंद झालं अशी तक्रार घेऊन विद्यार्थी लॅबमध्ये आला, की त्याला नवा पासवर्ड करून दिला जातो. कीबोर्डकडे सहसा कोणी बघत नाही. पासवर्ड टाकताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे एखादं बटण उमटलंच नाही किंवा दोनदा उमटलं तरी कळायला मार्ग नसतो. सी भाषेच्या प्रात्यक्षिकात अर्धविरामाचं बटण दगा देतं, कंपायलर चूक दाखवतो आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ती आपलीच चूक समजून प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासत बसतो. कीबोर्डचा दोष असा मुलांच्या खात्यावर जमा होतो. मग तक्रार होत नाही आणि कीबोर्डही बदलले जात नाहीत.

कधीतरी कोणी शिक्षक आयटी विभागाला मेल पाठवतात. ‘लॅबमधील कीबोर्ड अत्यंत खराब झाले आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ यात खोटं काहीच नाही, पण या मेलवर कार्यवाही करता येत नाही. किती कीबोर्ड, कोणत्या संगणकाचे, बिघाड काय आणि तो कीबोर्डचाच कशावरून, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. खरेदीचा प्रस्ताव करणाऱ्याला आकडा हवा असतो. तो नसला की मेल ‘पाहून घेऊ’ या ढिगात जातो.

लॅबमधले बहुतेक कीबोर्ड साध्या, स्वस्त बांधणीचे असतात. बटणांखाली रबराच्या छोट्या टोप्या आणि त्यांच्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात, मधल्याला भोकं असतात. बटण दाबलं की भोकातून दोन्ही रेषा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. एका रेषेवर अनेक बटणं असतात. त्यामुळे आत चहा किंवा पाणी जाऊन एखादी रेषा तुटली, तर चार-पाच बटणं एकदम बंद पडतात, आणि ती शेजारशेजारची असतीलच असं नाही. असा कीबोर्ड पुसून किंवा झाडून सुधारत नाही. उलट एकच बटण अडकत असेल, तर त्याखाली कचरा असू शकतो. बटण उचकटून साफ केल्यावर ते पुष्कळदा चालू लागतं.

दुसरी झीज अक्षरांची. स्वस्त कीबोर्डवर अक्षरं नुसती छापलेली असतात. घामानं आणि बोटांच्या घासण्यानं आधी बटण गुळगुळीत चमकू लागतं, मग अक्षर पुसलं जातं. सराईत माणसाचं त्यावाचून अडत नाही. अडतं ते कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा संगणकाला हात लावणाऱ्या मुलीचं, कारण तिला प्रत्येक अक्षर शोधूनच टाइप करावं लागतं. ज्यांना दिसत नाही असे विद्यार्थी एफ आणि जे या बटणांवरच्या उंचवट्यांवरून बोटांची जागा ठरवतात. ते उंचवटे झिजले असतील, तर मेलमध्ये तसं वेगळं लिहायला हवं. अक्षरं नीट दिसत असली तरी तो कीबोर्ड त्यांच्या उपयोगाचा राहिलेला नसतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांचे हाल याहून जास्त. इनस्क्रिप्ट मांडणीत डीच्या बटणावर हलन्त आहे आणि शिफ्टसह तेच बटण ‘अ’ देतं. ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द लिहायला ते बटण दोनदा लागतं. ते मेलं की बहुतेक जोडाक्षरं नीट जमत नाहीत. अर्धविरामाच्या बटणावर ‘च’ आहे, म्हणजे सी शिकणारा आणि मराठी टाइप करणारा दोघेही त्याच बटणाशी अडतात.

मेल लिहिण्याआधी तपासणीला एक दुपार द्यावी. विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून `osk` असं टाइप केलं की पडद्यावर कीबोर्डचं चित्र उघडतं. हातातला कीबोर्ड एकेक बटण दाबत तपासला, की जे चालतं ते चित्रात उजळतं. त्यानंतर संशयित कीबोर्ड शेजारच्या चांगल्या संगणकाला लावायचा. दोष कीबोर्डबरोबर तिकडे गेला तर कीबोर्ड बाद. दोष जागेवरच राहिला तर बिघाड पोर्टचा किंवा सेटिंगचा आहे. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं तर फिल्टर कीज नावाची सोय चालू होऊ शकते. मग संगणक झटकन दाबलेली बटणं जुमानत नाही आणि चांगला कीबोर्डही मेल्यासारखा वाटतो. ती सोय बंद केली की काम झालं. ज्या लॅबमध्ये अजून जुने गोल पिनांचे पीएस/२ कीबोर्ड आहेत, तिथे संगणक बंद करूनच अदलाबदल करावी.

समजा, तीस संगणकांच्या लॅबमध्ये बारा ठिकाणच्या तक्रारी होत्या. तपासणीत एका ठिकाणी फिल्टर कीज चालू निघालं, दोन ठिकाणी पोर्ट बिघडलेले निघाले आणि नऊ कीबोर्ड खरोखर बाद ठरले. मग मेल असा होतो:

‘विषय: लॅब क्र. २ – ९ कीबोर्ड बदलणे व २ राखीव मिळणे, प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी

माननीय महोदय, स. न. वि. वि.

लॅब क्र. २ मधील ३० कीबोर्डची आम्ही तपासणी केली. संगणक क्र. ३ (डी बंद), ८ (स्पेसबार डावीकडे दाबल्यास उमटत नाही), १४ (चार बटणे एकदम बंद), २१ (अर्धविराम बंद) आणि २७ (एंटर अडकते, साफ करूनही फरक नाही) यांचे कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावूनही तेच दोष दिसले. क्र. ५, ११, १२ व ३० वरील अक्षरे पुसली गेली आहेत. क्र. ९ व १९ चे यूएसबी पोर्ट सदोष असून कीबोर्ड चांगले आहेत, त्यांची दुरुस्ती व्हावी. सर्व कीबोर्ड यूएसबी जोडणीचे आहेत. या लॅबमध्ये मराठी टंकलेखनाचा सराव होत असल्याने नवे कीबोर्ड इनस्क्रिप्ट अक्षरे छापलेले असावेत. एकदम सर्व देणे शक्य नसल्यास पहिले पाच आधी मिळावेत. जुने कीबोर्ड डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे परत करू. बुधवारी दुपारी लॅब रिकामी असते.

कळावे.’

या मेलमधली सगळ्यात उपयोगी ओळ पोर्टविषयीची आहे, असं मला वाटतं. जे बदलायला नको तेही मागणाऱ्यानं सांगितलं, की उरलेल्या नऊंवर विश्वास बसतो. ‘पहिले पाच आधी’ हेही तितकंच महत्त्वाचं. निधी अपुरा असला की अख्खी मागणी पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलली जाते. क्रम लावून दिला असेल तर मुलांचं काम अडवणारे पाच तरी आत्ता बदलले जातात. दोन राखीव मागायचे, कारण कीबोर्ड ऐन परीक्षेतही बंद पडू शकतो आणि तेव्हा खरेदीची वाट बघता येत नाही.

काही कॉलेजांत पुसलेल्या बटणांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवतात. ते काही दिवस चालतात, मग घामानं कडा सुटतात आणि डिंक बोटांना लागतो. खरेदी लांबली तर तेवढ्यापुरता हा उपाय ठीक आहे, पण तो केल्याचं मेलमध्ये लिहावं, नाहीतर बघायला आलेला माणूस ‘अक्षरं तर दिसतायत’ म्हणून परत जातो.

नवे कीबोर्ड आले की प्रत्येकाच्या पाठीवर संगणक क्रमांक आणि महिना-वर्ष मार्करनं लिहून ठेवावं, म्हणजे वॉरंटी कुणाची शिल्लक आहे ते तिथेच कळतं. जुन्यांपैकी ज्यांची फक्त अक्षरं गेली आहेत, ते सर्व्हर खोलीत किंवा न बघता टाइप करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे अजून चालतात. बाकीच्यांचं निर्लेखन करून ते ई-कचऱ्यात द्यावेत. कपाटावर रचून ठेवले, तर परीक्षेच्या गडबडीत कोणीतरी त्यातलाच एखादा काढून पुन्हा लावतो.