तर्री कितीपर्यंत मिळते?

नागपुरात सकाळी तर्री पोहे खायला निघालेल्या माणसाला एकच धास्ती असते, गाडीवर पोचेपर्यंत तर्री संपली तर? हरभऱ्याच्या झणझणीत रश्शाचं पातेलं एकदाच चढतं. पोह्यांचा आणखी एक घाणा पंधरा मिनिटांत निघतो, तर्री मात्र पुन्हा होत नाही. म्हणून गाडी दहापर्यंत उभी असली, तरी गिऱ्हाइकासाठी ती तर्री संपते तेव्हाच बंद झालेली असते.

आता बहुतेक गाडीवाल्यांचे व्हिडिओ असतात. कुणाचा मुलगा काढतो, कुणाचा पुतण्या. उकळता रस्सा, वर तरंगणारा लाल तवंग, पोह्यांवर पडणारा चिवडा आणि कांदा हे सगळं त्यात छान दिसतं. पण ते पाहून तोंडाला पाणी सुटलेल्या माणसाने खालचं डिस्क्रिप्शन उघडलं, तर तिथे ‘नागपूरचे बेस्ट तर्री पोहे, लाईक करा, शेअर करा’ आणि हॅशटॅगची रांग असते. गाडी कुठे, किती वाजता आणि कोणत्या वारी, याचा पत्ताच नसतो. दोन किलोमीटरवर राहणारा माणूस तिथून परत फिरतो, आणि रोज येऊ शकेल असं गिऱ्हाईक तोच असतो.

डिस्क्रिप्शन लिहिताना आधी हे ध्यानात घ्यायला हवं की ते सगळं कुणाला दिसत नाही. यूट्यूबवर पाच हजार अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फोनवर ते मिटलेलं असतं. शोधताना किंवा व्हिडिओखाली सुरुवातीचे थोडेच शब्द नजरेस पडतात, बाकीचं ‘आणखी’ दाबल्याशिवाय उघडत नाही. इन्स्टाग्रामवर मर्यादा २,२०० अक्षरांची आहे आणि तिथेही मजकूर असाच दुमडलेला असतो. म्हणून पहिल्या ओळीत नमस्कार, स्वागत, चॅनेलची ओळख यांना जागा देऊ नये. ती ओळ ठिकाण, वेळ आणि पदार्थ या तिघांची.

एक उदाहरण पूर्ण लिहून पाहू. समजा, गाडी लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकात आहे. चौकाच्या नावातच अडचण दिसते. नुसतं ‘आठ रस्ता चौकाजवळ’ लिहिलं, तर नवखा माणूस प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी डोकावत फिरणार. म्हणून कोणत्या रस्त्याला, कोणत्या हाताला आणि कशासमोर हे सांगावं लागतं. खूणही अशी हवी की जी सकाळी साडेसहाला दिसेल. समोरचं कपड्यांचं दुकान अकराला उघडत असेल, तर त्याचं शटर पाहून कुणाला काय कळणार? देऊळ, शाळेचं फाटक, बसथांबा किंवा मोठं झाड या खुणा बऱ्या. मजकूर असा होईल:

तर्री पोहे, आठ रस्ता चौक, लक्ष्मीनगर, नागपूर. सकाळी ६.३० ते १०. सोमवारी बंद.
तर्री साधारण ९.३० पर्यंत मिळते. रविवारी ९ लाच संपते.
चौकातून बजाजनगरच्या रस्त्याला लागल्यावर डाव्या हाताला, बसथांब्याच्या पुढे हिरवी गाडी.
खासियत: तर्री पोहे (रोज). सांबारवडी (फक्त शनिवार-रविवार, ८ नंतर).
तर्री तिखट असते, कमी हवी असल्यास आधी सांगा. चिवड्यात शेंगदाणे असतात.
Tarri Poha, Laxmi Nagar, Nagpur, morning 6.30 to 10
वेळा तपासल्या: १ डिसेंबर

यातली दुसरी ओळ सगळ्यात मोलाची. गाडी दहाला बंद होते हे खरंच, पण पावणेदहाला आलेल्या माणसाला नुसते पोहे मिळाले तर तो नाराजच होणार. पदार्थ संपण्याची वेळ वेगळी लिहिली की गिऱ्हाईक आपण होऊन लवकर येतं. खासियतही दोन-तीनच सांगाव्यात आणि प्रत्येकीपुढे वार व वेळ घालावी. पंधरा पदार्थांची यादी दिली, तर इथे येऊन नेमकं काय खायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. रोमन लिपीतली ओळ दिखाव्यासाठी नाही. मराठी बोलणारे कितीतरी लोक फोनवर इंग्रजी अक्षरांतच शोधतात, त्यामुळे पदार्थाचं नाव दोन्ही लिप्यांत असलेलं बरं.

पत्त्याच्या खाली गूगल मॅप्सची लिंक द्यावी, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये. यूट्यूब शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबून उघडत नाहीत, आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्याही उघडत नाहीत. तिथे शब्दांत लिहिलेला पत्ताच कामी येतो. हातगाडीला घर क्रमांक नसतो, अशा वेळी मॅप्सचा प्लस कोड उपयोगी पडतो. गाडीपाशी उभं राहून नकाशावर ती जागा बोटाने दाबून धरली, की अधिकचं चिन्ह असलेला छोटा कोड मिळतो. तो शहराच्या नावासह मॅप्सच्या शोधात टाकला की गाडीच्या जागेवरच नेऊन सोडतो.

हॅशटॅग दोन-चार पुरेत, पदार्थाचा आणि गावाचा. एका व्हिडिओला साठापेक्षा जास्त हॅशटॅग झाले, तर यूट्यूब ते सगळेच दुर्लक्षित करतं. दुसऱ्या नावाजलेल्या गाडीचं नाव हॅशटॅगमध्ये घालणं तर सरळ दिशाभूल आहे. यूट्यूबच्या नियमांत ते बसत नाही आणि त्या नावाने आलेलं गिऱ्हाईक चिडून परत जातं.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र लिहिताना होत नाही, नंतर होतो. व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि वेळा बदलतात. उन्हाळ्यात गाडी लवकर लागते, सुट्टीचा वार बदलतो, रस्त्याच्या कामामुळे जागा पलीकडे सरकते. चित्रात बोललेली वेळ दुरुस्त करता येत नाही. म्हणून व्हिडिओत तोंडाने वेळ सांगूच नये, ‘वेळ खाली लिहिली आहे’ एवढंच म्हणावं. खालचा मजकूर केव्हाही बदलता येतो. संगणकावर यूट्यूब स्टुडिओत Content मध्ये जाऊन अनेक व्हिडिओ एकदम निवडता येतात आणि Edit मधून सगळ्यांचं डिस्क्रिप्शन एका फटक्यात सुधारता येतं. पुढच्या व्हिडिओंसाठी Settings मधल्या Upload defaults मध्ये हाच मजकूर ठेवला, की दरवेळी नव्याने टाइप करायला नको. आणि मॅप्सवरच्या वेळा त्याच दिवशी बदलायच्या. एकीकडे दहा आणि दुसरीकडे अकरा दिसलं, की गिऱ्हाईक दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.

लिहिलेलं कामाला येतंय की नाही, हे पाहायला आपला व्हिडिओ शेजाऱ्याच्या फोनवर उघडावा आणि ‘आणखी’ न दाबता त्यालाच विचारावं, गाडी कुठे आणि कितीपर्यंत? त्याला सांगता आलं नाही, तर पहिली ओळ पुन्हा लिहायची. दुसरी खूण म्हणजे गाडीवर येणारे फोन आणि व्हिडिओखालचे प्रश्न. ‘आज चालू आहे का?’ असं लोक वारंवार विचारत असतील, तर सुट्टीचा वार त्यांच्या नजरेला पडत नाही. ‘नेमकं कुठे?’ असं विचारत असतील, तर खूण चुकली आहे. असा प्रत्येक प्रश्न मजकुरातली एकेक उणीव दाखवतो, आणि ती त्याच दिवशी भरून काढता येते.

दिवाळीत गावी जाताना ‘अमुक तारखेपर्यंत बंद’ ही ओळ सगळ्यात वर टाकावी. परत आल्यावर, पहिलं पातेलं चढवायच्या आदल्या रात्री ती आठवणीने काढावी. ती तशीच राहिली, तर उघडी गाडीसुद्धा लोकांना बंदच दिसते.