खाड्यांसकट दुधाचं बिल

घरोघर दूध घालणाऱ्याची वही पहिल्यांदा पाहिली की ती अर्धवट भरलेली वाटते. डावीकडे घरांची नावं, वर १ ते ३१ तारखा आणि मधल्या बहुतेक चौकटी कोऱ्या. पण ती अर्धवट नसते. रतीब ठरलेला असतो. दीड लिटरचं घर रोज दीड लिटरच घेतं, मग ते रोज लिहायचं कशाला? वहीत उमटतं ते नेहमीपेक्षा वेगळं काही झालं तरच. खाडा पडला, पाहुणे आले म्हणून जादा दूध दिलं, कधी अर्धा लिटर कमी घेतलं, एवढंच. पहाटेच्या घाईत, एका हातात माप असताना, याहून चांगली पद्धत नाही.

अडचण येते ती महिनाअखेर, ही वही संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या तक्त्यात उतरवताना. वहीतली कोरी चौकट म्हणजे ‘नेहमीप्रमाणे दूध दिलं’. तक्त्याच्या लेखी कोरी चौकट म्हणजे काहीच दिलं नाही. शिवाय वहीतही कोऱ्या चौकटीला दुसरा अर्थ असतोच: खाडा होता, पण लिहायचा राहिला. बिलावरून जे वाद होतात, त्यांतले बरेचसे या एका कोऱ्या चौकटीतून निघतात. म्हणून माझ्या मते पहिला नियम एकच ठेवावा. तक्त्यात एकही चौकट कोरी ठेवायची नाही.

हे काम वाटतं तेवढं किचकट नाही. गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत C पासून AG पर्यंत 1 ते 31 हे आकडे टाका. दुसऱ्या ओळीत त्या त्या दिवसाचा म्हशीच्या दुधाचा दर, तिसऱ्या ओळीत गाईच्या दुधाचा. चौथ्या ओळीपासून घरं सुरू होतात: A मध्ये नाव, B मध्ये रतीब. घरांचा क्रम वहीतलाच, म्हणजे फेरीचाच ठेवा. नावं अक्षरक्रमाने लावली की वहीतली ओळ आणि तक्त्यातली ओळ जुळेनाशी होते, आणि एका घराचा खाडा शेजारच्याच्या नावावर पडतो. गाईचं आणि म्हशीचं दोन्ही दूध घेणाऱ्या घराला दोन ओळी द्याव्यात.

आता प्रत्येक ओळीत महिनाभर रतीबाचा आकडा भरून टाका. पहिल्या चौकटीत 1.5 लिहून ती ओढत शेवटपर्यंत नेली की झालं. त्यानंतर वही उघडायची आणि तिच्यात जे जे वेगळं लिहिलंय, तेवढंच त्या तारखेवर बदलायचं. खाड्याला शून्य न लिहिता ‘ख’ हे अक्षर लिहा. शून्य राखून ठेवायचं ते ज्या घराने रतीब महिन्याच्या मध्येच सुरू केला, त्याच्या आधीच्या दिवसांसाठी. नाहीतर १० तारखेला आलेल्या नव्या भाडेकरूच्या बिलावर नऊ खाडे दिसतात.

उतरवताना दोन माणसं असली तर बरं. एकाने वही वाचायची, दुसऱ्याने टाकायचं, आणि वाचलेल्या नोंदीवर पेन्सिलने बारीक टिंब द्यायचं. वाचणारा वहीच्या मालकाच्या घरचाच हवा, कारण हिशेबाच्या जुन्या खुणा आजही अनेक वह्यांत आहेत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥’ म्हणजे दीड. घाईत लिहिलेला ‘१॥’ परक्या माणसाला १११ वाटू शकतो.

त्याहून फसवी असते ती आडवी रेघ. घर गावाला गेलं की वहीत २० पासून २४ पर्यंत एक रेघ ओढलेली असते. २४ला दूध बंद होतं, की त्याच दिवशी सुरू झालं? रेघेवरून ते कळत नाही. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाईंनी ‘२५ पासून दूध’ असं लिहिलेलं असतं, आणि गवळ्याच्या डोक्यात ‘२४ला आले’ एवढंच असतं. दोघंही खरं बोलत असतात. माणसं २४ला रात्री पोचली आणि दूध २५च्या सकाळी सुरू झालं. यावर उपाय वहीतच करावा लागतो. रेघ ओढा, पण ज्या दिवशी दूध पुन्हा सुरू झालं त्या चौकटीत रतीबाचा आकडा लिहा. मग ती रेघ कुठे संपते हे विचारावं लागत नाही.

आकडे टाकताना दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘1.5 लि.’ असं लिहिणं. अक्षर आलं की तक्ता ती चौकट आकडा मानत नाही आणि त्या दिवसाचं दूध बेरजेतून गुपचूप गळतं. देवनागरी अंकांनीही तसंच होण्याचा धोका असतो, म्हणून मोजायचे आकडे इंग्रजी अंकांत टाकावेत. दुसरी चूक अर्ध्या लिटरसाठी 1/2 लिहिण्याची. तक्ता त्याला तारीख समजतो, आणि आतून तारीख म्हणजे एक मोठा आकडा असतो. १ फेब्रुवारी २०२६ हा दिवस आत 46054 म्हणून साठवलेला असतो. एखाद्या घराचं महिन्याचं दूध एकदम पंचेचाळीस-सेहेचाळीस हजार लिटर दिसलं, तर कुठेतरी 1/2 लिहिलंय हे ओळखावं. अर्धा म्हणजे 0.5, पाव म्हणजे 0.25.

आता दराकडे येऊ. दर महिन्याच्या मध्ये बदलला की हिशेब चुकतो, म्हणून तो महिन्याचा न धरता दिवसाचा धरायचा. दुसरी ओळ त्यासाठीच आहे. एका घराचं ऑक्टोबर २०२५चं बिल करून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. रतीब दीड लिटर म्हशीचं. दर १५ तारखेपर्यंत ७६ रुपये, १६पासून ८०. ६ तारखेला कोजागरी होती, मसाला दुधासाठी त्यांनी दोन लिटर जादा घेतलं, म्हणून त्या चौकटीत 3.5. १२ तारखेला एकच लिटर घेतलं. दिवाळीला घर गावाला गेलं आणि २० ते २४ असे पाच खाडे पडले.

पहिल्या पंधरवड्यात रतीबाचे साडेबावीस लिटर होतात. त्यात कोजागरीचे दोन मिळवले आणि १२ तारखेचा अर्धा वजा केला की २४ लिटर. ७६ने गुणले की १,८२४ रुपये. १६पासून सोळा दिवस राहतात. पाच खाडे गेले की अकरा दिवस, म्हणजे साडेसोळा लिटर. ८०ने गुणले की १,३२० रुपये. एकूण साडेचाळीस लिटर, ३,१४४ रुपये. सगळं दूध नव्या दराने धरलं असतं तर ३,२४० झाले असते, म्हणजे ग्राहकाच्या माथी ९६ रुपये जादा. काही जण आधी पूर्ण महिन्याचं बिल करतात आणि मग खाडे वजा करतात. तसं केलं तरी हरकत नाही, पण खाडे त्या दिवसांच्या दराने वजा व्हायला हवेत. हे पाच खाडे जुन्या ७६च्या दराने वजा केले तर ५७० रुपये कमी होतात, नव्या ८०च्या दराने ६००. दिवाळीचे दिवस १६नंतरचे, म्हणून ६००च बरोबर.

तक्त्यात हे सगळं एका सूत्राने होतं. ते प्रत्येक दिवसाचं दूध त्याच दिवसाच्या दराने गुणून बेरीज करतं, आणि ‘ख’ला शून्य धरतं. चौथ्या ओळीतल्या घरासाठी आधी एकूण लिटर, मग रक्कम, मग खाड्यांची संख्या अशी तीन सूत्रं:

```
=SUM(C4:AG4)
=ROUND(SUMPRODUCT(C4:AG4,$C$2:$AG$2),0)
=COUNTIF(C4:AG4,"ख")
```

गाईच्या दुधाच्या ओळीत दुसऱ्या सूत्रातला 2 बदलून 3 करायचा. पैसे फक्त शेवटी एकदा पूर्ण रुपयात आणायचे, रोजच्या रोज नाही. पाव लिटर घेणाऱ्या घरात रोजचे काही पैसे इकडेतिकडे केले, तरी महिनाअखेरीस फरक दिसतो.

खाडे किती, एवढं पुरत नाही; कोणते, हे बिलावर असलं की घरचे कॅलेंडर काढून लगेच ताडून पाहू शकतात. गूगल शीट्समध्ये पुढचं सूत्र त्या तारखा ओळीने लिहून देतं, आपल्या उदाहरणात 20, 21, 22, 23, 24:

```
=ARRAYFORMULA(TEXTJOIN(", ",TRUE,IF(C4:AG4="ख",$C$1:$AG$1,"")))
```

यापुढे मागील बाकी आणि जमा असे दोन रकाने ठेवा. या घराची मागची बाकी ३०० असेल आणि मध्ये काही जमा नसेल, तर देणं ३,४४४. मागील बाकी चालू महिन्याच्या रकमेत मिसळून एकच आकडा कधीही देऊ नये. पुढच्या महिन्यात ती कशाची होती हे कोणालाच आठवत नाही.

आता ताळा. प्रत्येक ओळीत आकड्यांच्या चौकटी आणि ‘ख’च्या चौकटी मिळून महिन्याचे दिवस भरले पाहिजेत. खालचं सूत्र शून्य दाखवेल तर ओळ पूर्ण आहे. उणे एक दाखवलं, तर एक चौकट कोरी राहिली किंवा कुठेतरी ‘1.5 लि.’ पडलंय.

```
=COUNT(C4:AG4)+COUNTIF(C4:AG4,"ख")-COUNT($C$1:$AG$1)
```

पण लिहायचा राहून गेलेला खाडा या ताळ्याला सापडत नाही, कारण तिथे रतीबाचा आकडा मुकाट बसलेला असतो. त्याला पकडायचं तर तक्ता उभा वाचावा लागतो. एका तारखेच्या सगळ्या घरांच्या दुधाची बेरीज करा, आणि त्या दिवशी फेरीला किती लिटर नेलं, किती उरून परत आलं, याच्याशी ताडून पाहा. साठ लिटर नेलं, दोन लिटर परत आलं आणि तक्ता म्हणतो साडेएकोणसाठ वाटलं, तर दीड लिटरचा एक खाडा वहीत चढलेला नाही. मापाने घालताना थोडं सांडतं, उन्नीस-बीस होतं, तेवढं सोडून द्यावं. मोठा फरक मात्र कोणत्या तारखेचा आहे हे कळतं, आणि मग एका दिवसापुरतं आठवणं अवघड नसतं. त्यासाठी रोज वहीच्या तळाला ‘नेलं’ आणि ‘उरलं’ असे दोन आकडे लिहावे लागतात. ज्या वहीत ते नाहीत, तिचा हिशेब एकाच बाजूने तपासता येतो.

ही मांडणी घरोघर घातल्या जाणाऱ्या रतीबासाठी आहे. दूध संकलन केंद्रावरचा शेतकऱ्यांचा हिशेब यात बसत नाही. तिथे फॅट आणि एसएनएफप्रमाणे दर ठरतो, आणि एकाच दिवशी दोन शेतकऱ्यांच्या दुधाचा दर वेगळा असू शकतो.

बिल दिल्यावर वही टाकून देऊ नका. पैसे पूर्ण जमा होईपर्यंत तरी ती हाताशी असावी, कारण शंका आली तर ग्राहक तक्ता पाहायला मागत नाही, वहीच मागतो. आणि तुम्ही ग्राहक असाल, तर गावाला जाताना गवळ्याला ‘चार-पाच दिवस नको’ असं सांगू नका. कोणत्या तारखेपासून बंद आणि कोणत्या तारखेला सकाळी पुन्हा सुरू, हे दोन दिवस स्पष्ट सांगा आणि त्याच्यासमोर वहीत लिहून घ्या.