ठरवलेली रक्कम, झालेले नुकसान : कलम 74 ची वाटचाल

करार करतानाच दोन्ही पक्ष अनेकदा असे लिहून ठेवतात की, करार मोडला तर मोडणाऱ्याने अमुक इतकी रक्कम द्यावी. ही रक्कम संभाव्य नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर इंग्लंडच्या कायद्यात तिला ठरीव नुकसानभरपाई, म्हणजे ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’, म्हणत, आणि न्यायालय ती जशीच्या तशी वसूल करून देई. परंतु समोरच्याला करार मोडण्याची धास्ती वाटावी एवढ्यासाठीच ती फुगवलेली असेल तर तो दंड ठरे आणि वादीला फक्त सिद्ध झालेले नुकसान मिळे. डनलॉप टायर कंपनीच्या 1914 च्या खटल्यात लॉर्ड ड्युनेडिन यांनी हा भेद ओळखण्याच्या ज्या कसोट्या घालून दिल्या, त्या पुढे शंभर वर्षे इंग्लंडमध्ये प्रमाण मानल्या गेल्या. भारतीय करार कायद्याने मात्र त्याच्या बेचाळीस वर्षे आधीच, 1872 मध्ये, निराळी वाट धरली होती. त्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते, आणि प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेले असो वा नसो, तिच्या आत राहून वाजवी भरपाई किती ते न्यायालयाने ठरवायचे असते. 1899 च्या दुरुस्तीने दंडाच्या स्वरूपाच्या इतर अटीही याच कलमाखाली आल्या.

भेद असा पुसला गेला तरी वाद मिटला नाही, कारण ‘सिद्ध झालेले असो वा नसो’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न त्याच कलमाने मागे ठेवला. नुकसान मुळीच झालेले नसले तरी भरपाई द्यायची, की नुकसान तर व्हायलाच हवे, फक्त त्याचा काटेकोर हिशेब दिला नाही तरी चालेल? गेल्या सुमारे साठ वर्षांतले महत्त्वाचे निकाल या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले आहेत.

फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या 1963 च्या निकालापासून ही मांडणी स्पष्ट होऊ लागते. दिल्लीतील एका मालमत्तेचा व्यवहार 1949 मध्ये 1,12,500 रुपयांना ठरला होता. खरेदीदाराने 1,000 रुपये इसारा म्हणून आणि 24,000 रुपये ताबा घेताना दिले होते, आणि त्याच्याकडून व्यवहार पुरा न झाल्यास हे सगळे 25,000 रुपये जप्त होतील, अशी अट होती. व्यवहार फिसकटल्यावर उच्च न्यायालयाने किमतीच्या दहा टक्के, म्हणजे 11,250 रुपये, विक्रेत्याला भरपाई म्हणून देऊ केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र दहाच टक्के का, याला कोणताही आधार नसल्याचे दाखवून दिले. मालमत्तेची किंमत घसरल्याचा किंवा अन्य तोटा झाल्याचा पुरावा नसताना विक्रेत्याला इसाऱ्याच्या 1,000 रुपयांपलीकडे भरपाई मिळू शकत नाही, असे न्या. जे. सी. शहा यांनी ठरवले. त्याच न्यायमूर्तींनी मौलाबक्ष यांच्या 1969 च्या खटल्यात हा विचार आणखी पुढे नेला. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याच्या दोन कंत्राटांतील 18,500 रुपयांची अनामत सरकारने जप्त केली होती. परंतु पुरवठा थांबल्यावर हा माल सरकारने बाजारातून कोणत्या भावाने घेतला, हे सांगणे त्याला सहज शक्य असताना त्याने ते सांगितलेच नाही, म्हणून अनामत परत करावी लागली. या निकालाने घातलेली रेषा अशी की, नुकसान पैशांत मोजता येत असेल तर ते मोजून दाखवलेच पाहिजे, आणि मोजणे अशक्य असेल तेव्हाच करारात लिहिलेल्या प्रामाणिक अंदाजाचा आधार घेता येतो.

ही रेषा 2003 मध्ये काहीशी हलली. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने सॉ पाइप्स कंपनीकडून तेलविहिरींसाठी नळ्या मागवल्या होत्या. युरोपातील पोलाद कारखान्यांच्या संपामुळे पुरवठ्याला उशीर झाला, आणि महामंडळाने मुदत वाढवून दिली खरी, पण ठरीव भरपाई वसूल केली जाईल हे त्याच वेळी बजावून ती बिलातून कापली. नुकसान सिद्ध झाले नाही म्हणून लवादाने कपात नाकारली आणि मुंबई उच्च न्यायालयाने लवादाचा निवाडा कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द केला. समुद्रातील खोदकामात नळ्या वेळेवर न आल्याने साऱ्या कामाचे वेळापत्रक किती रुपयांनी बिघडले हे दाखवणे फार अवघड असते, आणि दोन्ही पक्षांनी विचारपूर्वक मान्य केलेला अंदाज अवाजवी असल्याचे दाखवण्याची जबाबदारी करार मोडणाऱ्यावर असते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्या खटल्याच्या वस्तुस्थितीत ते पटण्याजोगेच होते. त्यानंतर मात्र मोजता येण्याजोग्या नुकसानीच्या प्रकरणांतही, पुरावा देण्याची गरजच उरलेली नाही, असा युक्तिवाद या निकालाच्या आधारे होऊ लागला आणि मौलाबक्षची रेषा पुसट झाली.

ती पुन्हा ठळक केली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या जानेवारी 2015 च्या निकालाने, आणि या साऱ्या परंपरेत त्याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. दिल्लीतील भिकाजी कामा प्लेस येथील एका भूखंडासाठी या कंपनीने 1982 मध्ये 3.12 कोटी रुपयांची बोली लावली आणि पंचवीस टक्के, म्हणजे 78 लाख रुपये, इसारा म्हणून भरले. बाजारात मंदी आल्याने उरलेल्या रकमेसाठी तिने मुदत मागितली; मुदतवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला, आणि 1993 मध्ये प्राधिकरणाने वाटप रद्द करून 78 लाख जप्त केले. पुढच्याच वर्षी तोच भूखंड लिलावात 11.78 कोटींना गेला, म्हणजे पहिल्या बोलीच्या तिपटीहून अधिक किंमत मिळाली. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी व्याजासह परत करायला लावलेली जप्त रक्कम खंडपीठाने पुन्हा प्राधिकरणाच्या पदरात टाकली होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या: पैसे भरण्याची नवी तारीख प्राधिकरणाने कधी नक्की केलीच नव्हती, त्यामुळे कंपनीने करार मोडला असे म्हणता येत नाही, आणि मोडला असे धरले तरी, ज्याचा उलट फायदाच झाला त्याला भरपाई कशाची द्यायची? नुकसान हा कलम 74 चा पायाच आहे, आणि ‘सिद्ध झालेले असो वा नसो’ ही सवलत नुकसान मोजणे अवघड किंवा अशक्य असेल तिथपुरतीच आहे. करार झाल्यावर इसारा जप्त करतानाही हेच कलम लागू होते, हेही या निकालाने स्पष्ट केले.

हा अर्थ कलमाच्या शब्दांशी आणि न्यायबुद्धीशी अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणण्यास संकोच करण्याचे कारण नाही, कारण भरपाई या कल्पनेतच भरून काढण्याजोगी उणीव गृहीत असते. तरीही व्यवहारात त्याचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. सरकारी कामांत ठरीव भरपाई बहुधा चालू बिलातून आधी कापली जाते आणि पुराव्याचा प्रश्न नंतर निघतो, त्यामुळे नुकसान दाखवण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारी खात्याची असली तरी लवादात किंवा न्यायालयात जाण्याचा खर्च आणि वर्षे कंत्राटदारालाच सोसावी लागतात. 78 लाख परत मिळायला कैलाशनाथला जप्तीनंतर एकवीस वर्षे लागली.

शिवाय मोजता न येणाऱ्या नुकसानीचे काय करायचे, हे अजून पुरते सुटलेले नाही. कैलाशनाथनंतर महिन्याभरातच निकाल लागलेल्या दुसऱ्या एका खटल्यात सांडपाणी उपसा केंद्राच्या रखडलेल्या कामाबद्दल त्याच प्राधिकरणाने ठरीव भरपाई मागितली होती. सार्वजनिक सोयीचे काम रखडले की नुकसान होतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण त्याचा नेमका पुरावा नसल्याने करारातील रकमेच्या निम्मी रक्कम वाजवी ठरवली. निम्मीच का, याला 1963 मध्ये नाकारलेल्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक भक्कम आधार त्या निकालातही सापडत नाही.