डोळा पुढे, कान मागे : चित्रित व्याख्यानाची संहिता

वर्गात फळ्यावर लिहिताना आपला वेग खडू ठरवतो. ओळ लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढा विद्यार्थ्याला ती समजून घ्यायला मिळतो, आणि आपले बोलणेही हाताबरोबर चालते. चित्रित व्याख्यानात ही सोय नसते. स्लाइडवरचा सारा मजकूर एका क्षणात दिसतो. विद्यार्थी तो वाचू लागतो आणि तेवढा वेळ आपले बोलणे त्याच्या कानावरून जाते. म्हणून अशा व्याख्यानाची संहिता लिहिताना काय सांगायचे एवढेच ठरवून भागत नाही. कोणत्या क्षणी डोळ्याला कोणते काम द्यायचे आणि कानाला कोणते, हेही ठरवावे लागते.

एक उदाहरण घेऊ. विद्यापीठाच्या संख्यात्मक पद्धतींच्या अभ्यासक्रमात ‘संगणक ०.१ ही संख्या नेमकी साठवू शकत नाही’ हा मुद्दा पाच मिनिटांत समजावायचा आहे. आपण कागदावर तीन रकाने आखू : पडदा, बोलणे आणि वेळ. सुरुवात मात्र बोलण्यापासून करायची नाही. आधी प्रात्यक्षिक लिहायचे, कारण संगणक जे उत्तर देईल ते आपल्याला बदलता येत नाही. बोलणे बदलता येते. पायथन या भाषेतले आपले प्रात्यक्षिक एवढेच आहे :

```
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
>>> 0.5 + 0.25
0.75
```

आता बोलणे. पहिली ओळ टंकित करावी, पण एंटर दाबू नये. “उत्तर काय येईल ते वहीत लिहा,” असे सांगावे आणि वेळेच्या रकान्यात ‘शांतता, ५ सेकंद’ अशी नोंद करावी. ही नोंद नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही व आपण बोलू लागतो. एंटर दाबल्यावर पुन्हा तीन सेकंद गप्प राहावे. विद्यार्थी त्या वेळी शून्ये मोजत असतो. दुसरी बेरीज कशासाठी? ती नसेल तर ‘संगणक अपूर्णांकांत नेहमीच चुकतो’ असा चुकीचा निष्कर्ष विद्यार्थी काढेल.

स्लाइड सर्वांत शेवटी लिहावी, कारण प्रात्यक्षिकातून उभा राहिलेला ‘का?’ हा प्रश्न तिला सोडवायचा आहे. एक-तृतीयांश दशमान पद्धतीत ०.३३३… असा अखंड चालतो. त्याचप्रमाणे एक-दशांश द्विमान पद्धतीत असा चालतो :

```
0.0001 1001 1001 1001 ...
```

संगणकाला तो कोठेतरी तोडावा लागतो. अर्धा आणि पाव मात्र द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.०१ असे नेमके बसतात. स्लाइडवर वरची एकच ओळ असावी, आणि तीही चार-चार अंकांच्या गटांनी, बोलण्याबरोबर उमटावी. स्पष्टीकरणाची पूर्ण वाक्ये तिथे छापली, तर डोळा वाचून पुढे जातो आणि कान मागे राहतो. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांतही, चित्र व निवेदन यांच्या जोडीला तेच निवेदन पडद्यावर छापल्यास बहुधा समज वाढत नाही, उलट कमी होते, असे दिसले. याला अपवाद आहेत : नवी संज्ञा, लांब संख्या, किंवा व्याख्यानाची भाषा सरावाची नसलेला विद्यार्थी. ‘द्विमान’ हा शब्द प्रथम येतो तेव्हा तो पडद्यावर दिसलाच पाहिजे.

मग वेळ मोजावी. स्वतःचा एक परिच्छेद घड्याळ लावून मोठ्याने वाचला की आपला वेग कळतो. तो मिनिटाला ११० शब्द निघाला असे धरू. पाच मिनिटांतून टंकन व शांतता यांचा एक मिनिट वजा केला, तर बोलण्याला चार मिनिटे, म्हणजे ४४० शब्द उरतात. संहिता ६०० शब्दांची झाली असेल तर भरभर बोलणे हा उपाय नव्हे. एखादा मुद्दा दुसऱ्या व्याख्यानात न्यावा.

चित्रीकरणापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली : पडदा न दाखवता संहिता सहकाऱ्याला वाचून दाखवावी. “इथे हे असे आले” अशा वाक्यांपाशी तो अडखळेल. तिथे “सतराव्या दशांश स्थळी ४ आले” असे लिहावे. दुसरी : आवाज बंद करून तालमीचे चित्रण पाहावे. पडदा बराच वेळ स्थिर असेल, तर त्यात दोष असेलच असे नाही. पण बोलणे एका ओळीचे आणि बदल दुसऱ्या ओळीत, असे संहितेशी ताडताना आढळले, तर तिथे विद्यार्थी नक्की चुकणार. तीच जागा पुन्हा लिहायची.